चेंबर चार ते चेंबर सहा

ड्रेनेज लाइन तुंबली की सोसायटीकडे सहसा दोन कागद येतात. एक सभासदाची तक्रार, दुसरा प्लंबरचे बिल. तक्रारीत वास, डास आणि बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच्या कुणाचे तरी नाव असते. बिलात ‘चोकअप काढणे, 1 काम’ एवढेच असते. लाइन कुठून कुठे जाते, कोणत्या दोन चेंबरांच्या मध्ये अडते आणि पुन्हा पुन्हा तिथेच का अडते, हे दोन्हींत नसते. ते सांगायला तिसरा कागद लागतो: रेखाटन जोडलेले दुरुस्तीचे पत्र. तो लिहायला एक दिवस जातो. त्यात लिहिण्यासारखे काही हाती लागायला मात्र तीन-चार दिवस कमरेत वाकून काढावे लागतात.

पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीचे असे एक पत्र इथे उदाहरण म्हणून घेतले आहे. 1980च्या दशकातले बांधकाम, तळमजला आणि वर तीन मजले, दोन विंग, 24 सदनिका. जमीन काळ्या मातीची. पत्र लिहिणारे गृहस्थ महापालिकेचा परवाना असलेले प्लंबर. चौदा महिन्यांत त्यांनी तीच लाइन पाच वेळा मोकळी करून दिली होती आणि पाचही वेळा बिल घेतले होते. सहाव्या वेळी त्यांनी बिलासोबत पत्र देण्याचे ठरवले. त्यामागे परोपकार नव्हता. तळमजल्यावरच्या आजींनी सगळ्यांदेखत सुनावले होते, “तुम्ही अर्धवट काढता, म्हणून तर परत बोलवावं लागतं.” हा आरोप खोडून काढायचा, तर लाइन मोकळी होऊनही परत का भरते, ते कागदावर दाखवणे भाग होते.

बी विंगच्या मागच्या अंगाला संडासाचे 4 इंची पाइप भिंतीवरून खाली उतरून थेट चेंबरमध्ये जातात. मोरी आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी आधी गली ट्रॅपमध्ये पडते आणि मग चेंबरमध्ये येते. चेंबर एकमेकांना जमिनीखालच्या 6 इंची स्टोनवेअर पाइपांनी जोडलेली. शेवटचे चेंबर फाटकाबाहेर, आणि तिथून रस्त्यावरच्या महापालिकेच्या लाइनला जोड. स्टोनवेअर म्हणजे भाजलेल्या मातीचा, आतून-बाहेरून चकचकीत झिलई दिलेला पाइप. त्याला गंज लागत नाही, आम्लाची भीती नाही. त्याचे दुखणे सांध्यात असते. हे पाइप दोन-दोन फुटांचे, म्हणजे चाळीस फुटांत वीसेक सांधे, आणि प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचा ताठ सांधा कधी ना कधी तडकतोच.

कुठे अडले आहे हे शोधायची पहिली रीत साधी आहे. सगळी झाकणे उघडायची आणि चालत जायचे. भरलेल्या चेंबरच्या पुढचे चेंबर कोरडे असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात. सगळीच भरलेली असतील, तर अडचण सोसायटीच्या हद्दीबाहेर, रस्त्यावरच्या लाइनमध्ये. मग पत्र महापालिकेला लिहायचे. या सोसायटीत चौथे चेंबर काठोकाठ होते आणि त्याच्या पुढचे, फाटकाच्या आतले, जवळजवळ सुके. पाचही वेळा असेच दिसले होते. त्यामुळे ‘वरच्या मजल्यावरचे संडासात काहीबाही टाकतात’ हा समितीचा आवडता सिद्धान्त लंगडा पडत होता. टाकणारे रोज वेगळ्या वस्तू टाकतील, पण सगळ्या वस्तू एकाच ठिकाणी का अडतील?

चौथे चेंबर आणि फाटकाजवळचे चेंबर यांत 65 फूट अंतर. या 65 फुटांत काही नाही, असेच सगळे धरून चालले होते. सचिवांनीही ठामपणे सांगितले, “अहो, तिथं मध्ये चेंबर नाहीच. मी पहिल्यापासून राहतोय इथं.” प्लंबरांना शंका आली ती पाइपांच्या तोंडांवरून. चौथ्या चेंबरमधून बाहेर पडणारा पाइप कुंपणाच्या भिंतीच्या दिशेने तिरका जात होता. फाटकाजवळच्या चेंबरमध्ये येणारा पाइप मात्र भिंतीला समांतर येत होता. दोन सरळ रेषा अशा येत असतील, तर मध्ये कुठेतरी वळण आहे. आणि लाइन वळते तिथे चेंबर असते. निदान असायला हवे, कारण जमिनीखालच्या वळणात बांबूची कामटीही फिरत नाही आणि सळईही.

दोन्ही तोंडांपासून दोऱ्या ताणल्या. त्या जिथे मिळाल्या तिथे पेव्हर ब्लॉक होते. पहारेच्या बुडाने ठोकत गेल्यावर एका जागी आवाज बदलला. आठ ब्लॉक आणि खालची कच काढल्यावर लोखंडी झाकण दिसले, गंजून चौकटीला चिकटलेले. काही वर्षांपूर्वी अंगणात ब्लॉक बसवताना ठेकेदाराने इतर झाकणे वर उचलून घेतली होती, हे एक तसेच गाडले होते. अशा प्रकारे सोसायटीला आपले पाचवे चेंबर सापडले आणि फाटकाजवळचे पाचवे सहावे झाले. पुढचा हिशेब या नव्या क्रमांकांनी.

चौथ्या चेंबरमधून कामटी घातली, ती 17 फुटांवर अडली. पाचव्यातून उलट्या दिशेने घातली, ती 21 फुटांवर अडली. दोन चेंबरांतले अंतर मोजले, 40 फूट. म्हणजे मधले दोनेक फूट बंद होते. कामटी बाहेर ओढताना टोकाला तपकिरी केसांसारखा झुबका आला. प्लंबरांनी तो बादलीत खळबळून धुतला आणि वर्तमानपत्रावर पसरून वाळत ठेवला. ती उंबराची तंतुमुळे होती. झाड लाइनपासून सहा फुटांवर, चौथ्या चेंबरपासून मोजले तर बरोबर अठराव्या फुटाच्या समोर. वड, पिंपळ, उंबर या जातीची मुळे ओलाव्याच्या शोधात सांध्याच्या केसाएवढ्या भेगेतून आत शिरतात आणि आत पोचल्यावर त्यांची जाळी होते. तिच्यात आधी कागद अडकतो, मग स्वयंपाकघरातले तेलकट पाणी थिजून बसते, मग सगळेच.

इथे बहुतेक पत्रे संपतात: कारण सापडले, मुळे काढा, सांधा बदला. हेही पत्र तिथेच संपले असते, तर दुरुस्ती वर्षभर टिकली असती आणि आजींचे म्हणणे खरे ठरले असते. मुळे शिरली कारण सांधा तडकला. सांधा तडकला कारण पाइप हलला. आणि हललेल्या पाइपाचा ढाळ पूर्वीचा राहिला आहे का, हे अजून कुणी पाहिले नव्हते.

ते पाहण्यासाठी लाइन आधी पूर्ण साफ हवी. त्यासाठी जेटिंगची गाडी बोलावली. ती जोराच्या पाण्याने मुळांची जाळी कापत पुढे जाते आणि सक्शन पंप गाळ ओढून घेतो. सगळे काम वरून. पत्रात एक ओळ मुद्दाम होती: साफसफाईसाठी कोणीही चेंबरमध्ये उतरलेले नाही आणि उतरवले जाणार नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. बंद चेंबरमध्ये साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असा समज करून घेऊन उतरणारा माणूस परत वर येईलच असे नाही.

साफ झालेल्या पाइपाची तपासणी आरसा आणि टॉर्चने केली. गाड्यावरून घेतलेला हातभर आरसा काठीला बांधून पाचव्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडासमोर तिरका धरायचा आणि चौथ्या चेंबरमधून मदतनिसाने टॉर्च मारायचा. पाइप सरळ आणि कोरडा असेल, तर आरशात उजेडाचे पूर्ण गोल वर्तुळ दिसते. इथे वर्तुळाचा खालचा तिसरा हिस्सा नव्हता. त्या जागी संथ पाणी होते आणि त्यात टॉर्चचे उलटे पडलेले प्रतिबिंब हलत होते. वरून पाणी बंद करून अर्धा तास थांबले तरी ते उतरले नाही. पाइप मध्ये खचला होता. सचिवांना आणि खजिनदारांना बोलावून तो आरसा दाखवला. पाइपात कॅमेरा सोडूनही हेच पाहता येते आणि त्याचे चित्रण पत्राला जोडता येते. पण चाळीस फुटांच्या सरळ लाइनला आरसा पुरतो.

मग पातळ्या. यासाठी गवंड्यांची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. बी विंगच्या जोत्यावर एक खूण केली आणि ती शून्य मानली. नळीचे एक टोक त्या खुणेशी धरायचे, दुसरे चेंबरपाशी न्यायचे. चेंबरच्या तळातल्या खाचेत उभ्या धरलेल्या पट्टीवर नळीतले पाणी जिथे येईल, तिथवरचे माप वाचायचे. आकडा जितका मोठा, तितका तळ खोल. पहिल्या वाचनात चौथे चेंबर 46.5 इंच आले आणि पाचवे 46. म्हणजे पाचवे चेंबर चौथ्यापेक्षा अर्धा इंच वर, पाण्याला चढ! असा उलटा ढाळ जुन्या लाइनमध्ये अशक्य नसतो आणि पत्रात तो लिहिला असता तर फार परिणामकारक दिसला असता. पण दुसऱ्यांदा मोजताना जोत्याच्या बाजूला नळीत बोटभर लांबीचा बुडबुडा दिसला. उभ्या नळीत तीन इंचांचा बुडबुडा म्हणजे मापात तीन इंचांची चूक. नळी हलवून, टोक वर धरून हवा काढली आणि सगळी मापे पुन्हा घेतली. तिसरे चेंबर 40 इंच, चौथे 46.5, पाचवे 49, सहावे 55.

या चार आकड्यांतून पत्राचा गाभा निघाला. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत 30 फुटांत 6.5 इंच उतार, म्हणजे साधारण 55 ला 1. प्लंबर लोक जुना आडाखा वापरतात: पाइप जितका इंची, त्याच्या दहापट लांबीत एक. 4 इंचीला 40 ला 1, 6 इंचीला 60 ला 1. त्या हिशेबात हा तुकडा चांगला. पाचव्यापासून सहाव्यापर्यंत 25 फुटांत 6 इंच, 50 ला 1; हाही चांगला. मधला चौथा ते पाचवा, 40 फूट म्हणजे 480 इंच, आणि उतार फक्त अडीच इंच: 192 ला 1. आडाख्याप्रमाणे तिथे 8 इंच हवे होते. मैल्याचे पाणी तळातला गाळ उचलून नेण्याइतक्या वेगाने, सेकंदाला पाऊण मीटर, वाहावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी 6 इंची पाइपाला 100 ला 1 ही ढाळाची खालची मर्यादा मानतात. 192 ला 1 वर पाणी पुढे जाते आणि जड वस्तू मागे राहतात. शिवाय हा दोन टोकांमधला सरासरी ढाळ. खचलेल्या मध्यभागी तो याहूनही वाईट असणार, हे आरशाने आधीच सांगितले होते.

आता दुरुस्ती कुठून कुठपर्यंत? समिती साहजिकच म्हणणार, खराब तुकडा 40 फुटांचा, तेवढाच बदला. पण चौथ्या आणि पाचव्या चेंबरचे तळ आहेत तिथेच ठेवून मध्ये कितीही चांगला नवा पाइप टाकला, तरी उतार अडीच इंचच राहतो. नवा पाइप सरळ असेल, त्यात मुळे शिरणार नाहीत, पण वेग तोच. पाचवे चेंबर साडेपाच इंचांनी खाली नेले, तर त्या 40 फुटांना हवे ते 8 इंच मिळतात. मग पाचव्या-सहाव्यात उरतो अर्धा इंच, म्हणजे तुंबण्याची जागा फक्त पंचवीस फूट पुढे सरकते.

उतार दोन्ही तुकड्यांत वाटून घेणे एवढाच मार्ग राहतो. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत 65 फूट, म्हणजे 780 इंच. उपलब्ध उतार 46.5 वरून 55, म्हणजे साडेआठ इंच. भागाकार येतो 92 च्या आसपास. संपूर्ण लांबीत 92 ला 1. आडाख्याच्या 60 पेक्षा सपाट, पण 100 च्या मर्यादेच्या आत. त्यासाठी पाचवे चेंबर पावणेतीन इंच खाली जाते आणि चांगला असलेला 25 फुटांचा तुकडाही उखडावा लागतो. फाटकाबाहेरच्या सातव्या चेंबरपर्यंत गेले असते तर ढाळ आणखी सुधारला असता. पण तो तुकडा फाटकाखालून जातो आणि तिथे विजेची मुख्य केबल आहे. प्लंबरांनी तो मोह टाळला आणि पत्रात कारण लिहिले.

‘चांगली लाइन का फोडायची?’ हा प्रश्न येणार हे ओळखून रेखाटन काढले. पहिल्या कच्च्या कागदावर फक्त वरून दिसणारा नकाशा होता: इमारतीची कड, चेंबरांचे चौकोन, गली ट्रॅपचे छोटे गोल, उंबराचे झाड, फाटक आणि पाइपांवर प्रवाहाचे बाण. बाण नसलेल्या ड्रेनेजच्या नकाशाचा उपयोग शून्य असतो. प्रत्येक चेंबरचे अंतर इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून लिहिले, म्हणजे उद्या पुन्हा ब्लॉक बसले तरी टेप धरून झाकण सापडेल. कुठल्या सदनिकेचे पाणी कुठे येते, हे ठरवायला वरच्या मोरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून खाली कोणत्या चेंबरमध्ये जांभळे पाणी येते ते पाहिले. त्यात गच्चीचा एक पावसाळी पाइपही चौथ्या चेंबरला जोडलेला सापडला. ती चूक वेगळी. पत्रात ती वेगळ्या परिच्छेदात गेली: पावसाचे पाणी मैल्याच्या लाइनमध्ये येता कामा नये, तो पाइप तोडून बाहेरच्या पावसाळी नालीत न्यावा. महापालिकेत दाखल असलेल्या जुन्या मंजूर नकाशावर ना हा जोड होता ना लाइनचे वळण. तिथे सगळी लाइन एका सरळ रेषेत दाखवली होती.

पण ढाळाची गोष्ट वरून काढलेल्या नकाशात दिसत नाही. म्हणून त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्यात उभा छेद काढला. आलेखाच्या कागदावर आडवे 1 सेंटिमीटरला 5 फूट आणि उभे 1 सेंटिमीटरला 5 इंच. उभे माप मुद्दाम बारापट ताणलेले, नाहीतर अडीच इंच आणि साडेआठ इंच यांतला फरक पेन्सिलीच्या जाडीतच हरवतो. आताची लाइन काळ्या रंगात: आधी उतरती, मग जवळजवळ आडवी, मग पुन्हा उतरती, पायरीसारखी. प्रस्तावित लाइन लाल रंगात, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत एकच सरळ रेघ. लाल रेघ पाचव्या चेंबरपाशी काळ्या रेघेच्या खालून जाते, हे ज्याला गणित नको त्यालाही दिसते.

पत्र दीड पानाचे होते. सुरुवात अशी:

“विषय : बी विंगमागील ड्रेनेज लाइन (चे-4 ते चे-6) नव्याने टाकण्याबाबत.

सोबत : 1) लाइनचे रेखाटन व उभा छेद. 2) पातळ्यांचा तक्ता. 3) कामनिहाय दरपत्रक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर लाइन गेल्या चौदा महिन्यांत सहा वेळा तुंबली असून दर वेळी अडथळा चे-4 व चे-5 यांच्या दरम्यान आढळला आहे. लाइन साफ केल्यानंतर घेतलेल्या मापांनुसार या भागातील ढाळ अपुरा आहे, त्यामुळे केवळ साफसफाईने हा दोष दूर होणार नाही.”

पुढे तीन गोष्टी एकमेकींत मिसळू न देता लिहिल्या होत्या. काय पाहिले: मुळे, अपुरे वर्तुळ, गाडलेले झाकण. काय मोजले: अंतरे आणि पातळ्या. आणि काय अंदाज आहे: पाइप काळ्या मातीच्या हालचालीने खचला असावा, किती सांधे तडकले ते खोदल्यावरच कळेल. तिसऱ्या भागात ‘असावा’ लिहायला ठेकेदार बिचकतात, कारण त्याने आपली किंमत कमी होते असे त्यांना वाटते. पण खोदल्यावर वेगळे निघाले, तर वाढीव बिलाच्या वेळी हाच शब्द उपयोगी पडतो. दरही त्याच कारणाने एकरकमी न देता मोजमापाप्रमाणे दिले: खोदाई इतक्या फुटांची, पाइप इतक्या फुटांचा, चेंबर एक, ब्लॉक काढून परत बसवणे इतके चौरस फूट. म्हणजे दुसऱ्या कुणाचे दरपत्रक मागवले तरी समितीला ओळीला ओळ लावून ताडता येते.

समितीच्या सभेत तांत्रिक प्रश्न एकच आला, अपेक्षेप्रमाणे पंचवीस फुटांचा, आणि छेदावर बोट ठेवून तो दोन मिनिटांत मिटला. वेळ गेला पैशांवर. त्रास तळमजल्याला होतो, तर त्यांनीच जास्त द्यावे, असे दोघांचे म्हणणे होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर आहे. ड्रेनेजच्या सामाईक वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. सदनिकेच्या आतली दुरुस्ती सभासदाची. तळमजल्याच्या मोरीत पाणी उलटते ते केवळ ती मोरी सर्वांत खाली आहे म्हणून. त्यातले पाणी तीन मजल्यांचे असते. खर्च दुरुस्ती निधीतून करायचे ठरले. रक्कम समितीच्या अधिकारातल्या मर्यादेपलीकडे जात होती, त्यामुळे निविदा मागवून सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी लागली आणि त्यात सहा आठवडे गेले. काम मे महिन्यात बसले, पावसाळ्याच्या तोंडावर. आणखी महिना गेला असता, तर काळ्या मातीत चर उघडा ठेवणे धोक्याचे झाले असते.

खोदाई खालून वर, म्हणजे सहाव्या चेंबरकडून चौथ्याकडे केली. वापर थांबत नाही. 12 सदनिकांचे पाणी रोज येणारच. म्हणून चौथ्या चेंबरमध्ये मैल्याचा पंप सोडून त्याचा होजपाइप थेट सहाव्यात नेला. सकाळी सात ते दहा पंपापाशी एक माणूस सतत उभा. उंबराची जी मुळे चरात आली ती तेवढीच कापली. झाड तोडायची सूचना एका सभासदाने केली होती, पण त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नव्या लाइनला त्याची गरजही नव्हती. पाइप जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी बनवलेल्या पीव्हीसीचा, 160 मिलिमीटर, 20 फुटी, रबर रिंगच्या जोडांचा. 65 फुटांत सांधे अगदी मोजके. हा पाइप आणि इमारतीच्या भिंतीवरून उतरणारा पाइप दिसायला एकसारखे असले, तरी त्यांची मानके वेगळी आहेत. भिंतीवरचा पाइप स्वस्त पडतो म्हणून जमिनीत गाडला, की मातीच्या आणि गाड्यांच्या वजनाखाली तो चपटतो. दरपत्रकात म्हणूनच ‘आयएस 15328 चा पाइप’ असे स्पष्ट लिहिले होते आणि पाइप आल्यावर त्यावरचा छापा सचिवांनी स्वतः वाचून पाहिला.

चराच्या तळाची सैल काळी माती आणखी सहा इंच काढून तिथे मुरूम टाकून धुमसला, त्यावर वाळूचा थर, आणि मग पाइप. नेमकी इथेच घाई होते. गडी पाइपाखाली दगड किंवा विटेचा तुकडा सारून ‘लेव्हल’ साधतात. तो दिसायला बरोबर बसतो, पण वजन त्या एका टेकूवर येते आणि दोन पावसाळ्यांत पाइपाला पुन्हा पोट सुटते. पाचवे चेंबर तळापासून नवे बांधले. त्याच्या तळात अर्धगोल खाच वळणाच्या आकारात घडवली आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार करून घोटला, म्हणजे मैला कोपऱ्यात बसत नाही, घसरून खाचेतच येतो.

माती लोटण्याआधी पाण्याची चाचणी झाली. सहाव्या चेंबरच्या तोंडाला बूच मारून लाइन पाण्याने भरली, चौथ्यात पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली आणि अर्धा तास थांबले. पाणी खुणेवरच राहिले. बूच काढल्यावर पुन्हा आरसा आणि टॉर्च, दोन्ही तुकड्यांना. या वेळी गोल पूर्ण होता. समितीपैकी दोघांनी पाहून चाचणीच्या नोंदीवर सह्या केल्या.

शेवटी पातळ्या पुन्हा मोजल्या, बुडबुडा नाही याची खात्री करून. पाचव्या चेंबरचा तळ ठरल्याप्रमाणे 51.75 वर यायला हवा होता. गवंड्याच्या हातून तो 52 वर गेला. पाव इंचाचा फरक. त्यामुळे चौथ्या-पाचव्यातला ढाळ 87 ला 1 झाला आणि पाचव्या-सहाव्यातला बरोबर 100 ला 1, मर्यादेच्या अगदी काठावर. चेंबर फोडून परत करण्याइतकी ती चूक नव्हती, लपवण्याजोगीही नव्हती. प्लंबरांनी रेखाटनाच्या सोसायटीकडच्या प्रतीवर लाल रेघेशेजारी झालेल्या कामाची मापे हिरव्या शाईने लिहिली, खाली तारीख टाकली आणि पाचव्या-सहाव्या तुकड्यापुढे टीप दिली: ‘ढाळ किमान मर्यादेवर. दर वर्षी मे महिन्यात झाकण उघडून पाहणे.’ पाचव्या चेंबरचे झाकण आता ब्लॉकच्या पातळीला आहे आणि त्याच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात 5 हा आकडा घातला आहे.